पोलादी सांध्याच्या गणिताचे परीक्षण : बलमार्गातील खंड आणि बोल्टगट

१. संज्ञा

दोन किंवा अधिक घटक ज्या ठिकाणी एकमेकांना बल देतात, त्या स्थानाला सांधा म्हणावे. या व्याख्येत बोल्ट, पट्टी, वेल्ड यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. ती सांध्याची साधने होत. सांधा ओळखायचा तो साधनांवरून नव्हे, तर तेथून पलीकडे जाणाऱ्या बलांवरून. परीक्षणात पुढे जे काही येते, त्याचा आधार हाच भेद आहे.

एखादे बल ज्या क्रमाने एका घटकातून दुसऱ्यात उतरत अखेर पायापर्यंत पोचते, तो क्रम म्हणजे बलमार्ग. क्रमातल्या प्रत्येक पायरीवर बल पलीकडे नेणारे काही भौतिक साधन असावे लागते आणि त्या साधनाची क्षमता त्या बलासाठी तपासलेली असावी लागते. पायरीवर बल आहे, पण त्या बलासाठी तपासलेले साधन नाही, अशा स्थितीला बलमार्गातील खंड म्हणावे. खंड म्हणजे तेथे पोलादच नाही असे नव्हे. बहुधा तेथे चांगले जाडजूड बोल्ट असतात. फक्त हे बल तुम्हांला पेलेल का, असे त्यांना कोणी विचारलेले नसते.

एकाच पट्टीतून एकच बल वाटून घेणाऱ्या बोल्टांचा समूह म्हणजे बोल्टगट. बलाची रेषा गटाच्या केंद्रातून जात असेल, तर वाटणी समान होते. ती बाजूने जात असेल, तर त्या अंतराला उत्केंद्रता आणि बल गुणिले उत्केंद्रता या गुणाकाराला आघूर्ण म्हणतात. आघूर्ण आले की समान वाटणी संपते आणि केंद्रापासून सर्वांत दूरच्या बोल्टावर सर्वाधिक बल येते.

परीक्षणाचे दोन प्रकार आहेत. पहिला पडताळणीचा : जे लिहिले आहे ते बरोबर आहे का? दुसरा पूर्णतेचा : जे लिहायला हवे होते ते सर्व लिहिले आहे का? पहिल्या प्रकारात कागद पुरतो. दुसऱ्यात कागद बाजूला ठेवून आधी सांधा पाहावा लागतो, कारण गाळलेली गोष्ट कागदावर सापडत नाही. येथे विवेचन दुसऱ्या प्रकाराचे आहे.

२. सांधा

विवेचनासाठी एक सांधा घेऊ. आकडे हिशेब स्पष्ट व्हावा म्हणून निवडले आहेत. रचना मात्र कोणत्याही औद्योगिक वसाहतीत आढळणारी आहे. उपकरणे ठेवण्यासाठी उभारलेली पोलादी चौकट, दोन्ही दिशांना तिरक्या ब्रेसने स्थिर केलेली. एका कॉलमच्या उजव्या बाजूला ब्रेस असलेला गाळा आहे, डाव्या बाजूला साधा. उजवीकडचा बीम आयएसएमबी ४०० असून तो कॉलमच्या फ्लँजला फिन प्लेटने जोडला आहे. १० मिमी जाडीची ही पट्टी कॉलमला कारखान्यातच वेल्ड केलेली आहे, आणि बीमच्या वेबमधून तिला एका उभ्या ओळीत ८.८ प्रतीचे चार एम२० बोल्ट आहेत. दोन बोल्टांतील अंतर ७० मिमी, कडेपासूनचे अंतर सर्वत्र ४० मिमी, आणि कॉलमच्या पृष्ठापासून बोल्टांच्या ओळीपर्यंतचे अंतर ६० मिमी.

ब्रेस ४५ अंशांत खाली उजवीकडे जातो. त्याची गसेट प्लेट बीमच्या खालच्या फ्लँजला वेल्ड केली आहे. कॉलमला ती टेकत नाही. फॅब्रिकेटरला हे सोयीचे असते, कारण गसेट बीमबरोबरच कारखान्यातून येते आणि जागेवर एक जोड वाचतो. ब्रेसची मध्यरेषा बीमच्या मध्यरेषेला कॉलमच्या पृष्ठावर छेदते, असे ड्रॉइंगवर दाखवले आहे.

निर्णायक भारसंयोगात, गुणक धरून, बले अशी आहेत. बीमची उभी प्रतिक्रिया १२० किलोन्यूटन. डाव्या गाळ्यांतून जमा होऊन येणारे वाऱ्याचे आडवे बल १८० किलोन्यूटन. त्यामुळे ब्रेसमध्ये सुमारे २५५ किलोन्यूटन ताण, म्हणजे १८० आडवे आणि १८० उभे. १० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन, हे लक्षात ठेवले की आकड्यांचे वजन कळते.

परीक्षणासाठी आलेल्या गणितात या सांध्याची तीन पाने आहेत. पहिल्यावर ब्रेस आणि गसेट यांच्यातले बोल्ट : चार, २५५ किलोन्यूटनसाठी पुरेसे. दुसऱ्यावर गसेट आणि बीम यांच्यातला वेल्ड : दोन्ही बाजूंना ६ मिमी, ३०० मिमी लांब, पुरेसा. तिसऱ्यावर बीम आणि कॉलम यांच्यातले बोल्ट. आयएस ८००:२००७ नुसार, आटे कर्तनाच्या पातळीत धरून, एका एम२० बोल्टाची कर्तनक्षमता ९०.५ किलोन्यूटन, चारांची ३६२. प्रतिक्रिया १२०. वापर ३३ टक्के. शेवटच्या चौकटीत ‘सुरक्षित’.

तिन्ही पानांवरचे अंकगणित बिनचूक आहे. पडताळणीपुरतेच परीक्षण करायचे असते, तर ते येथे संपले असते.

३. छेद

खंड शोधण्याची रीत एकच आहे आणि ती जुनी आहे. सांध्याभोवती कल्पनेने छेद घ्यावा, छेदापलीकडच्या भागावरची सर्व बले मांडावीत, आणि समतोलासाठी छेदातून जे बल जायलाच हवे त्याची, त्या छेदावरच्या साधनांसाठी गणितात धरलेल्या बलाशी तुलना करावी. गणिताची पाने उघडण्यापूर्वीच छेद घ्यावेत. पाने आधी वाचली, की वाचणाऱ्याची नजर पानांच्याच क्रमाने चालू लागते, आणि ज्या छेदाचे पान नाही तो छेद सुचत नाही.

या सांध्याला चार छेद लागतात. पहिला ब्रेस आणि गसेट यांच्यात : बल २५५, तपास २५५ साठी. दुसरा गसेट आणि बीम यांच्यात : बल २५५, तपास २५५ साठी. येथे एक उपप्रश्न निघतो. बीमची मध्यरेषा खालच्या फ्लँजच्या पृष्ठापासून २०० मिमी वर आहे आणि ब्रेस ४५ अंशांत आहे, म्हणून ब्रेसची रेषा फ्लँजला कॉलमच्या पृष्ठापासून २०० मिमीवर भेटते. गसेटच्या वेल्डचा मध्य तेथेच असला, तर वेल्डवर आघूर्ण येत नाही. ड्रॉइंगमध्ये तो तेथेच आहे. छेद बरोबर.

तिसरा छेद कॉलमच्या उजव्या पृष्ठालगत. त्याच्या उजवीकडे बीम, गसेट आणि ब्रेस हे सर्व आहे. छेद ओलांडणारे साधन एकच, ते म्हणजे फिन प्लेट आणि तिचे चार बोल्ट. ब्रेसचे १८० उभे बल कॉलममध्येच उतरायचे आहे, कारण ते घेणारे दुसरे कोणी नाही. ब्रेसचे १८० आडवे बल डावीकडून आलेल्या १८० ला भेटायचे आहे, म्हणजे तेही याच छेदातून जायचे आहे. म्हणून छेदातून जाणारे उभे बल १२० अधिक १८०, म्हणजे ३००, आणि आडवे बल १८०. तिसऱ्या पानावर धरलेले उभे बल १२०, आडवे शून्य.

हाच खंड. ब्रेसचे बल पहिल्या पानावर सांध्यात शिरते, दुसऱ्या पानावर बीममध्ये पोचते आणि तिसऱ्या पानावर नाहीसे होते.

हे घडते कसे, हे समजून घेणे परीक्षकाला आवश्यक आहे, कारण त्याचे मूळ कळले की हाच दोष इतर सांध्यांत कोठे शोधायचा तेही कळते. संगणकीय विश्लेषणात प्रत्येक घटक ही एक रेषा असते आणि सांधा हा एक बिंदू. डावा बीम, उजवा बीम, कॉलम आणि ब्रेस हे सर्व त्या बिंदूला मिळतात. डावीकडून आलेले १८० बिंदूत शिरते आणि तेथूनच थेट ब्रेसमध्ये जाते. उभे १८० बिंदूतूनच कॉलममध्ये उतरते. उजव्या बीमला यातले काहीच कळत नाही. म्हणून विश्लेषणाच्या निकालात उजव्या बीमच्या टोकाला अक्षीय बल जवळजवळ शून्य आणि कर्तन १२० असेच दिसते. संकल्पकाने ते आकडे जसेच्या तसे उचलले. विश्लेषण चुकलेले नाही, आकडे उतरवतानाही चूक झालेली नाही. चूक एवढीच की प्रत्यक्षात ब्रेस बिंदूला नव्हे, बीमला जोडला आहे. आणि विश्लेषणात बिंदूच्या आत घडणारी गोष्ट प्रत्यक्षात ६० मिमीच्या पट्टीत आणि चार बोल्टांत घडते. बिंदूला आकार नसतो, म्हणून त्याच्या आतले बल कोणत्याही तक्त्यात छापले जात नाही.

चौथा छेद कॉलमच्या डाव्या पृष्ठालगत. डाव्या बीमचे अक्षीय बल १८० विश्लेषणात दिसते, तरी डाव्या जोडाच्या स्वतंत्र पानावर ते नाही. येथे कारण वेगळे आहे. ज्या स्प्रेडशीटवर ते पान केले आहे, तिच्यात बीमच्या जोडासाठी अक्षीय बल भरण्याची चौकटच नाही. डाव्या जोडाची प्रतिक्रिया ४० किलोन्यूटन असून फिन प्लेट उजवीसारखीच आहे. आडवे बल आणि उत्केंद्रता दोन्ही धरून टोकाच्या बोल्टावर सुमारे ५६ किलोन्यूटन येते आणि ते चालते. तरीही शेरा लिहावा लागतो. निकाल अनुकूल निघाला तो परीक्षकाच्या हिशेबात. संकल्पकाच्या गणितात तो हिशेबच नाही.

गणित न केलेला सांधा काय करू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटीचे आहे. तेथील हयात रीजन्सी हॉटेलमध्ये १७ जुलै १९८१ रोजी टांगते पूल कोसळून ११४ माणसे मेली. मूळ संकल्पनेत छतापासून एकच लांब सळई दोन मजल्यांवरच्या पुलांतून जाणार होती. पुढे एका सळईच्या दोन करण्यात आल्या : छतापासून वरच्या पुलापर्यंत एक, आणि वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत दुसरी. त्यामुळे वरच्या पुलाच्या पेटीबीमखालच्या नटवर दोन्ही पुलांचा भार आला, म्हणजे दुप्पट. हा बदल कागदावर किरकोळ दिसत होता. पण चौकशीत आणखी एक गोष्ट निघाली, आणि परीक्षकाने लक्षात ठेवावी अशी तीच आहे : मूळची एकसंध सळईची रचनादेखील शहराच्या इमारत संहितेच्या अपेक्षेला पुरी पडत नव्हती. बदलाने खंड निर्माण झाला नाही, तो रुंदावला. बदल झाला तेव्हाच तपासावे, ही समजूत म्हणून अपुरी.

४. बोल्टगट

खंड सापडला. तो घातक आहे का, हा पुढचा प्रश्न आहे, आणि येथेच तिसऱ्या पानावरची दुसरी त्रुटी समोर येते. त्या पानावर एका बोल्टाची क्षमता काढून चाराने गुणली आहे. गुणाकार तेव्हाच योग्य, जेव्हा बल गटाच्या केंद्रातून जाते. येथे सांध्याची परिणामी बले कॉलमच्या पृष्ठावर एकत्र येतात आणि बोल्टांची ओळ तेथून ६० मिमी दूर आहे. आडवे बल बीमच्या मध्यरेषेवर, म्हणजे गटाच्या केंद्रातूनच जाते; त्याला उत्केंद्रता नाही. उभ्या बलाला ६० मिमीची उत्केंद्रता आहे.

बोल्टाची क्षमताही पानावर अर्धीच काढली आहे. कर्तनात बोल्ट ९०.५ घेतो हे खरे. पण बोल्टाच्या दाबाने छिद्राची कड किती सहन करते, म्हणजे ज्याला बेअरिंग म्हणतात, ते तपासलेले नाही. बीमचे वेब ८.९ मिमी जाडीचे, छिद्र २२ मिमी, कडेपासून अंतर ४० मिमी. आयएस ८०० नुसार कडेच्या अंतरावर अवलंबणारा गुणक ४० भागिले ६६, म्हणजे ०.६१ येतो, आणि बेअरिंगक्षमता ८८.५ किलोन्यूटन. कर्तनापेक्षा ही किंचित कमी, म्हणून मर्यादा हीच.

आता चार बोल्ट गटाच्या केंद्रापासून ३५ आणि १०५ मिमी अंतरांवर, वर दोन, खाली दोन. या अंतरांच्या वर्गांची बेरीज २४,५०० चौरस मिमी. टोकाच्या बोल्टावर आघूर्णामुळे येणारे बल म्हणजे आघूर्ण गुणिले १०५ भागिले २४,५००. ओळ उभी असल्याने हे बल आडवे असते. उभे बल चार बोल्टांत समान वाटले जाते. दोन्हींची परिणामी बेरीज काटकोन त्रिकोणाच्या कर्णाने मिळते.

हा हिशेब तीन टप्प्यांत मांडणे उपयुक्त आहे, कारण टप्प्यांतूनच या सांध्याचे खरे स्वरूप दिसते.

पहिल्या टप्प्यात खंड तसाच ठेवून फक्त उत्केंद्रता धरू. उभे बल १२०, प्रत्येक बोल्टावर ३०. आघूर्ण ७.२ किलोन्यूटन-मीटर, टोकाच्या बोल्टावर ३१. परिणामी ४३. क्षमता ८८.५. वापर ३३ टक्क्यांवरून ४९ टक्के झाला, सांधा सुरक्षितच राहिला.

दुसऱ्या टप्प्यात उत्केंद्रता सोडून फक्त खंड भरू. उभे ३००, प्रत्येकी ७५. आडवे १८०, प्रत्येकी ४५. परिणामी ८७.५. क्षमता ८८.५. अगदी काठावर, पण सुरक्षितच.

तिसऱ्या टप्प्यात दोन्ही एकत्र. उभे प्रत्येकी ७५. आघूर्ण ३०० गुणिले ०.०६, म्हणजे १८ किलोन्यूटन-मीटर. त्यामुळे टोकाच्या बोल्टावर ७७. त्यात आडवे ४५ मिळवून १२२. परिणामी :

```
√(75² + 122²) = 143 kN  >  88.5 kN
```

वापर १६२ टक्के. बल क्षमतेपेक्षा ६२ टक्क्यांनी जास्त.

दोन त्रुटी, प्रत्येक एकटी निरुपद्रवी, एकत्र आल्यावर मात्र निर्णायक. म्हणून परीक्षकाने शेरे सुटे सुटे तोलू नयेत. ‘उत्केंद्रता धरलेली नाही, पण परिणाम अल्प’ आणि ‘ब्रेसचे बल धरलेले नाही, पण बोल्ट पुरतात’ असे दोन शेरे दोन परीक्षकांनी प्रामाणिकपणे लिहिले असते, दोन्ही खरे ठरले असते, आणि सांधा पास झाला असता. कारण उघड आहे : आघूर्ण हा गुणाकार आहे. खंडाने बल वाढवले, गाळलेली उत्केंद्रता त्या वाढलेल्या बलाला लागू झाली. ज्या त्रुटी एकमेकींना गुणतात, त्यांची बेरीज करून चालत नाही.

५. संकल्पकाचे आक्षेप

अशा शेऱ्यांना उत्तरे येतात आणि ती विचारात घेणे परीक्षणाचाच भाग आहे. येथे दोन आक्षेप संभवतात.

पहिला : हिशेब लवचीक पद्धतीने केला आहे, ती सावध असते. बोल्ट थोडे वाकल्यावर बलांची फेरवाटणी होते आणि तात्कालिक भ्रमणकेंद्राच्या पद्धतीने अधिक क्षमता मिळते. तत्त्व मान्य आहे. पण येथे ते लागू करून पाहावे. ३०० उभे आणि १८० आडवे यांचे परिणामी बल ३५०. चारही बोल्ट पूर्ण ८८.५ पर्यंत भरले आणि सर्वांची बले एकाच दिशेने लागली, तरी एकूण ३५४ मिळतात. म्हणजे नुसते बल पेलण्यातच चारही बोल्ट एका दिशेने खर्ची पडतात. आघूर्ण पेलायचे, तर वरच्या आणि खालच्या बोल्टांची बले वेगवेगळ्या दिशांना वळायला हवीत, आणि तशी वळायला काहीच शिल्लक नाही. फेरवाटणी शिल्लक क्षमतेची होते. येथे शिल्लकच नाही. आक्षेप टिकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे : फिन प्लेट हा बिजागरीसारखा सांधा आहे, बिजागरी बोल्टांच्या ओळीत मानली, तर बोल्टांवर आघूर्ण येतच नाही. हेही तत्त्वतः मान्य. बिजागरी कोठे मानायची, याचे काही स्वातंत्र्य संकल्पकाला असते. पण बिजागरी बोल्टांत नेली, की तेच १८ किलोन्यूटन-मीटर ६० मिमी मागे, कॉलमला लागलेल्या वेल्डवर जाते. वेल्ड २९० मिमी लांब, दोन्ही बाजूंना ६ मिमी. क्षमता प्रत्येक बाजूला दर मिमीला ०.७९५ किलोन्यूटन. उभ्या बलाने दर मिमीला ०.५२ येते, आडव्याने ०.३१, आघूर्णाने टोकाला ०.६४. आडवी दोन मिळवून ०.९५, आणि परिणामी १.०८. वेल्ड अपुरा. बिजागरी कॉलमच्या पृष्ठावर ठेवली, तर वेल्डवर फक्त ०.६० येते आणि तो पुरतो; पण मग आघूर्ण बोल्टांवर राहते. संकल्पकाने कोणतीही एक जागा निवडावी. दोन्ही साधने तपासताना आघूर्ण दुसऱ्याकडे आहे असे धरता येत नाही, आणि सादर केलेल्या गणितात नेमके तेच झाले आहे : बोल्टांच्या पानावर आघूर्ण नाही, आणि वेल्डचे पानच नाही.

उरलेले दोन तपास थोडक्यात. वेबचा बोल्टांसकट ठोकळा आडव्या बलाने फाटून निघण्याची क्षमता ४७२ किलोन्यूटन येते, बल १८०. फिन प्लेटचा ठोकळा उभ्या बलाने फाटण्याची क्षमता ३८६, बल ३००. ही दोन्ही बले एकाच वेळी येतात याची नोंद घेऊनही येथे अडचण दिसत नाही. पण हे तपासही गणितात असायला हवेत.

६. शेरा आणि उपाय

परीक्षकाने किती सांगावे, यावर मतभेद आहेत. संकल्पन करणे हे परीक्षकाचे काम नव्हे. त्याने सांधा नव्याने काढून दिला, तर नवा सांधा तपासणारा कोणी उरत नाही. पण ‘बोल्टगट तपासा’ एवढेच लिहून पाठवणे ही टाळाटाळ झाली. शेऱ्यात चार गोष्टी असाव्यात : स्थान, आढळ, परिणामाचे परिमाण आणि अपेक्षा. या सांध्याचा मुख्य शेरा असा लिहिता येईल :

‘पान ३, बीम-कॉलम जोड. ब्रेसची गसेट फक्त बीमला जोडलेली असल्याने ब्रेसचे दोन्ही घटक (१८० उभे, १८० आडवे) याच बोल्टांतून कॉलममध्ये जातात; ते धरलेले नाहीत. बोल्टांच्या ओळीची ६० मिमी उत्केंद्रताही धरलेली नाही. दोन्ही धरल्यास टोकाच्या बोल्टावर सुमारे १४३ किलोन्यूटन येते, क्षमता ८८.५. जोडाचे संकल्पन सुधारून, बोल्ट, बेअरिंग आणि कॉलमवरचा वेल्ड यांचे गणित एकाच बलसमूहासाठी व एकाच बिजागरीस्थानासाठी सादर करावे. ब्रेस असलेले सर्व गाळे याच दृष्टीने पुन्हा पाहावेत.’

शेवटचे वाक्य विसरू नये. दोष पद्धतीत आहे, म्हणून तो एका सांध्यापुरता असण्याची शक्यता कमी.

असा शेरा गेल्यावर पहिले उत्तर बहुधा ‘बोल्ट दुप्पट केले’ असे येते. तेही तपासून पाहू. ७० मिमी अंतरावर दुसरी उभी ओळ घातली की बोल्ट आठ होतात. पण गटाचे केंद्र ३५ मिमी पुढे सरकते, उत्केंद्रता ९५ मिमी होते आणि आघूर्ण १८ वरून २८.५. अंतरांच्या वर्गांची बेरीज ५८,८०० चौरस मिमी. कोपऱ्यातल्या बोल्टावर आडवे ७३ आणि उभे ५४.५, परिणामी ९१. क्षमता ८८.५. बोल्ट दुप्पट करूनही सांधा किंचित अपुराच. कडेचे अंतर वाढवून बेअरिंग सुधारले, तरी कर्तनाची ९०.५ ही मर्यादा आड येते. मोठे बोल्ट घालून हा आकडा काठाच्या आत आणता येईल, पण बलाला आडवाटेने नेणारा मार्ग तसाच राहील.

मार्गच बदलला, तर चित्र पालटते. फिन प्लेटऐवजी बीमच्या टोकाला एंड प्लेट वेल्ड करावी आणि ती कॉलमच्या फ्लँजला वेबच्या दोन्ही बाजूंनी मिळून आठ एम२० बोल्टांनी जोडावी. बोल्ट आता कॉलमच्या पृष्ठावरच, म्हणजे जेथे बले एकत्र येतात त्याच पातळीत आहेत. ६० मिमीची उत्केंद्रता उरत नाही. प्रत्येक बोल्टावर कर्तन ३७.५ आणि ताण २२.५ किलोन्यूटन. ताणाची क्षमता १४१. कर्तन आणि ताण यांच्या गुणोत्तरांच्या वर्गांची बेरीज सुमारे ०.२०, मर्यादा १. त्याच प्रतीचे, त्याच व्यासाचे बोल्ट, आणि ही बेरीज मर्यादेच्या पाचव्या हिश्श्यावर.

मात्र एंड प्लेटने तीन नवे प्रश्न उभे राहतात, जे फिन प्लेटमध्ये नव्हते. फिन प्लेट कॉलमच्या वेबच्या रेषेतच ओढत होती; एंड प्लेटचे बोल्ट वेबच्या बाजूला आहेत, म्हणून १८० किलोन्यूटनच्या ओढीने एंड प्लेट वाकते, कॉलमचा फ्लँज वाकतो, आणि या वाकण्यातून निर्माण होणाऱ्या उचकबलाने बोल्टांतला ताण हिशेबापेक्षा वाढतो. शिवाय बीमच्या वेबपासून एंड प्लेटपर्यंतच्या वेल्डवर आता सर्व बल येते. एंड प्लेट आणि कॉलमचा फ्लँज यांचे वाकणे, उचकबलासह बोल्टांतला ताण आणि एंड प्लेटचा वेल्ड, हे तीन तपास सुधारित गणितात प्रत्यक्ष दिसेपर्यंत या सांध्याचे ड्रॉइंग फॅब्रिकेशनसाठी सोडू नये.